आधी मावशीचं जीमेल

घरातल्या वडीलधाऱ्या माणसांचे पासवर्ड नीट करायला बसलं की सुरुवात कुठून करायची हेच कळत नाही. बँक, वीजबिल, रेल्वेचं तिकीट, फेसबुक... यादी संपत नाही आणि थोड्याच वेळात दोघंही कंटाळतात. माझं म्हणणं असं, की त्या दिवशी फक्त ई-मेलचं काम करावं. 'पासवर्ड विसरलात?' यावर बोट ठेवलं की बहुतेक ठिकाणांहून नवा पासवर्ड लावायची लिंक ई-मेलवरच येते. त्यामुळे मावशीचं जीमेल ज्याच्या हाती गेलं, त्याला तिचे बाकीचे बरेचसे पासवर्ड माहीत असायची गरजच उरत नाही.

समजा, मावशीचा पासवर्ड आहे Vandana@1956. मोठं अक्षर आहे, चिन्ह आहे, आकडे आहेत, म्हणून तो पक्का वाटतो. पण नाव आणि जन्मसाल ओळखीच्या कुणालाही सुचेल, आणि पासवर्ड शोधणारे प्रोग्रॅमही अशाच जोड्या आधी लावून बघतात. अमेरिकेतल्या निस्ट या सरकारी मानक संस्थेने २०१७ मध्ये आपला जुना सल्ला बदलला: चिन्हांचा हट्ट सोडा, लांबी वाढवा, आणि कारण नसताना ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका.

तेव्हा एकमेकांशी काही संबंध नसलेले चार शब्द घ्यावेत, परात, ससा, कंदील, वीट असे. म्हण किंवा गाण्याची ओळ नको, आणि इथे छापलेले हे चार तर नकोतच. शब्द मनाने निवडले तर ते ओळखीचेच निघतात; चिठ्ठ्या टाकून काढलेले बरे. मराठीची एक अडचण इथे हमखास येते. परात parat लिहायची की paraat? वीट vit की veet? पासवर्ड अचूक आठवत असतो आणि स्पेलिंग आठवत नाही. म्हणून तो टाइप करताना बाजूच्या डोळ्याच्या खुणेवर बोट ठेवून अक्षरं बघावीत आणि तशीच्या तशी कागदावर उतरवावीत. कागदावर लिहायला खुशाल हरकत नाही. परगावी बसलेल्या चोराला आपल्या कपाटातली फाइल उघडता येत नाही. फोटो काढून व्हॉट्सॲपवर मात्र ठेवू नये, आणि हा पासवर्ड दुसऱ्या कुठल्याही खात्याला लावू नये.

यानंतर दुसरी पायरी. गूगल खात्याच्या सेटिंगमध्ये सुरक्षेच्या भागात 2-Step Verification असतं, ते चालू करायचं. मग अनोळखी फोनवरून किंवा संगणकावरून कुणी पासवर्ड बरोबर टाकला, तरी गूगल मावशीच्या फोनवर विचारतं किंवा एसएमएसने कोड पाठवतं. दुपारी पडल्यापडल्या फोनवर असा प्रश्न आला आणि आपण कुठेही लॉग-इन करत नसलो, तर No, it's not me दाबायचं आणि पासवर्ड बदलायचा, कारण तो कुणाला तरी कळलेला आहे. प्रश्न पुन्हा पुन्हा आला तरी वैतागून 'हो' दाबायचं नाही.

या पायरीला एक मर्यादा आहे. कोड आपण स्वतःच सांगितला तर ती काहीच अडवू शकत नाही. "काकू, माझा कोड चुकून तुमच्या नंबरवर आलाय, तेवढा वाचून दाखवता का?" असा फोन अगदी नम्र आवाजात येतो. व्हॉट्सॲपची खातीही अशीच जातात. चुकून आलेला कोड परत द्यावा लागत नाही. फोन ठेवून द्यावा.

आता समजा, मावशी सहा महिने लेकीकडे टोरांटोला निघाली. इथलं सिम तिथे चालत नसेल तर एसएमएस यायचा नाही. फोन हाताशी असेल तोवर चिंता नाही, कारण गूगलचा प्रश्न वायफायवरही येतो. पण फोन विमानतळावर राहिला तर? त्यासाठी निघण्यापूर्वी त्याच भागातून Backup codes काढून ठेवावेत. गूगल आठ आकड्यांचे दहा कोड देतं, प्रत्येक एकदाच चालतो, आणि नवे काढले की जुने बाद होतात. कोडचा कागद पर्समध्ये ठेवावा, पासवर्डचा कागद घरच्या कपाटातच राहू द्यावा. दोन्ही एकदम हरवता कामा नयेत. इथलं सिमही रिचार्ज करत राहावं, कारण बराच काळ बंद पडलेला नंबर पुढे दुसऱ्या कुणाला दिला जातो आणि मग आपले कोड त्याच्याकडे जाऊ लागतात.

निघायच्या आदल्या आठवड्यात भाच्याच्या लॅपटॉपवर मावशीलाच लॉग-इन करायला सांगावं. तिचा फोन बाजूच्या खोलीत ठेवायचा. पासवर्ड टाकल्यावर Try another way निवडायचं, कागदावरचा एक कोड टाकायचा आणि तो पेनाने खोडायचा. काम झाल्यावर लॅपटॉपवरून लॉग-आउट करायला विसरू नये.