कानशिलावरचा केशरी पट्टा

लग्नाच्या आदल्या दिवशी लेकीने आईचे केस घरीच रंगवायला घेतले. आधी मेंदी, मग नीळ, असा दोन टप्प्यांचा बेत होता. मेंदी रात्रभर भिजवली, लिंबूही पिळलं. नीळही तशीच भिजवून ठेवली. सकाळी मेंदी तीन तास ठेवून धुतली, मग नीळ थापली.

दुपारी आरशात पाहून आई म्हणाली, "अगं, हे काय गं? कानशिलावर पळस फुलला!" लेक हसू दाबत म्हणाली, "आई, मागून मात्र मस्त काळे दिसतायत." मागचे केस मुळातच काळे होते.

झालं असं, की मेंदीतला रंग आंबट पाण्यात हळूहळू सुटतो आणि केसातल्या केराटिनला चिकटतो. काळ्या केसांवर तो जेमतेम दिसतो, पांढऱ्यांवर थेट केशरी. त्यावर ताजी नीळ बसली की तपकिरी-काळा रंग येतो. पण निळीची गोष्ट उलटी आहे. ती कोमट पाण्यात, लिंबाशिवाय कालवायची, दहा-पंधरा मिनिटांत लावायला घ्यायची. ताजा लगदा हिरवा असतो, वर निळसर साय धरते. रात्रभरात त्यातला रंग हवेने भांड्यातच पक्का होतो, केसात शिरत नाही.

संध्याकाळी लेकीने ताजी नीळ कालवून फक्त कानशिलांवर लावली आणि तासाभराने साध्या पाण्याने धुतली. रंग आधी हिरवट दिसला, तेव्हा आई पुन्हा ओरडली. दुसऱ्या दिवशी, हवा लागून, तो गडद तपकिरी झाला. कानाची पाळी तेवढी लग्नभर निळी होती.