तंतू तुटत नाही, ताठरतो

वर्तमानपत्रातली काळी अक्षरं काजळीची असतात. काजळी तेलात खलून छपाईची काळी शाई होते, आणि काजळी म्हणजे जवळजवळ शुद्ध कार्बन. कार्बनवर ब्लीचिंगचा काहीही परिणाम होत नाही. कितीही तीव्र रसायन घातलं तरी तो काळाच राहतो. त्यामुळे रद्दीपासून पांढरा कागद करायचा तर शाईचा रंग उडवून भागत नाही. तिचा प्रत्येक कण कागदापासून सोडवून पाण्याबाहेर काढावा लागतो. १७७४ साली जर्मनीतल्या गटिंगेनचे कायदेपंडित युस्टुस क्लाप्रोट यांनी छापील कागदातली शाई धुऊन त्याचा पुन्हा कागद करण्याची रीत एका पुस्तिकेत प्रसिद्ध केली. आज अडीचशे वर्षांनंतर यंत्रं प्रचंड मोठी झाली आहेत, पण मूळ काम तेच आहे.

एक टन जुनी वर्तमानपत्रं गिरणीत आली असं धरू आणि तिच्या मागोमाग जाऊ.

पहिला मुक्काम पल्परचा. हे मोठं पिंप असतं, आणि त्याच्या मध्यभागी मळसूत्री आकाराचा जाड फिरता दांडा असतो. त्यात कोमट, साधारण ४० ते ५० अंशांचं पाणी घालून रद्दी सोडतात. पाणी फार नसतं. दर शंभर भागांत कागदच पंधरा भाग असतो, म्हणजे आपल्या एक टन कागदाला पावणेसहा टनांच्या आसपास पाणी. मिश्रण मुद्दाम इतकं दाट ठेवलेलं असतं, कारण शाई सुटते ती पात्यामुळे नव्हे, तर तंतूवर तंतू घासल्यामुळे. पातळ पाण्यात तंतू एकमेकांना चुकवत फिरत राहतात, दाट लगद्यात मात्र त्यांना घासण्यावाचून गत्यंतर नसतं. दहा-वीस मिनिटांत कागदाचा कागदपणा संपतो आणि राखाडी लगदा तयार होतो.

याच पिंपात रसायनंही पडतात. कॉस्टिक सोड्याने तंतू फुगतात, आणि फुगताना वरची शाईची पापुद्री तडकून सुटते. पण वर्तमानपत्राचा कागद बहुतेक लाकूड दळून केलेला असल्याने त्यात लिग्निन हा लाकडातला चिकट घटक शिल्लक असतो, आणि अल्कधर्मी पाण्यात तो पिवळा पडतो. म्हणून सोबत हायड्रोजन पेरॉक्साइड घालतात, आणि ते लवकर विघटित होऊ नये म्हणून सोडियम सिलिकेट. चौथा घटक साबण. त्याचं काम पुढच्या टप्प्यात कळतं.

मधली चाळणी पटकन उरकू. टाचण्या, वाळू आणि प्लॅस्टिक गोल फिरणाऱ्या पाण्याच्या भोवऱ्याने आणि बारीक फटींच्या चाळण्यांनी वेगळं होतं. या फटी मिलिमीटरच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाएवढ्या असतात. खरी डोकेदुखी असते ती डिंकाची. पुस्तकाच्या पाठीवरचा गरम करून लावलेला गोंद, लेबलं आणि चिकटपट्ट्या यांचे मऊ कण दाबाखाली आकार बदलून फटीतून निसटतात. पुढे पाणी थंड झालं किंवा त्यातली रसायनं बदलली की ते एकत्र येतात आणि कागद बनवणाऱ्या यंत्राच्या जाळीवर, लोकरी पट्ट्यांवर चिकटून बसतात. पूर्ण झालेल्या कागदात भोकं दिसू लागली, किंवा चालत्या यंत्रावर कागद पुनःपुन्हा तुटू लागला, तर अनुभवी कामगाराचा पहिला संशय डिंकावर जातो.

आता शाई. लगद्यात भरपूर पाणी मिसळून तो इतका पातळ करतात की शंभर भागांत तंतू जेमतेम एक भाग उरतो. आपल्या एक टनासाठी म्हणजे शंभर टन मिश्रण. (यातलं बहुतेक पाणी पुन्हापुन्हा फिरवलं जातं, नाहीतर कुठल्याच नदीला हा धंदा परवडला नसता.) या टाक्यांत खालून हवेचे बुडबुडे सोडतात. काजळीच्या कणांना पाण्याचं वावडं आणि तेलाची ओढ. साबण पाण्यातल्या कॅल्शियमशी जुळून त्या कणांवर बसतो, ते एकमेकांना चिकटतात आणि बुडबुड्याला धरून वर येतात. तंतूंना मात्र पाणी आवडतं, ते खालीच राहतात. वर काळपट फेस जमतो आणि तो सतत काढून टाकला जातो. गंमत म्हणजे आपण घरी ज्या जड पाण्याला नावं ठेवतो, ते इथे थोडंसं हवंच असतं. पाणी फार मऊ असलं तर कॅल्शियम वेगळं घालावं लागतं.

ही युक्ती चालते ती शाईचा कण योग्य मापाचा असला तरच, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागापासून साधारण दहाव्या भागापर्यंत. त्याहून बारीक कण बुडबुड्याला सापडत नाही. पाण्यात कालवलेल्या शाईने छापलेली पत्रं म्हणूनच त्रासदायक ठरतात, कारण ती शाई अतिसूक्ष्म होते आणि तिला पाण्याचं वावडंही नसतं. ती फक्त धुऊनच जाते, आणि धुण्याबरोबर बारीक तंतू आणि कागदातली खडूची किंवा चिनी मातीची भरही वाहून जाते. याच्या उलट लेझर प्रिंटरची शाई. ती खरं तर कागदावर वितळवलेलं प्लॅस्टिक असते, आणि तिचे मोठे चपटे तुकडे होतात. त्यांच्यासाठी लगदा पिळून घट्ट करतात, नव्वद अंशांच्या आसपास तापवतात आणि दातेरी तबकड्यांत मळतात. तुकडे फुटले की पुन्हा एकदा बुडबुड्यांची टाकी. अखेरीस ब्लीचिंग होतं, पण तोवर शाईचं काम आटोपलेलं असतं. ब्लीचिंग तंतूंच्या पिवळेपणासाठी असतं.

वर्तमानपत्राचा पुन्हा वर्तमानपत्री कागद करायचा असेल तर आपल्या एक टनातून ८०० ते ८५० किलो लगदा हाती येतो. टिश्यू पेपरसाठी धुणं जास्त लागतं, तिथे ६०० ते ७०० किलोच उरतो. बाकीचा गाळ: शाई, भर आणि तुटके बारीक तंतू.

आता सर्वात जास्त गैरसमज असलेला भाग. कागद पाच-सात वेळाच पुन्हा वापरता येतो, कारण दर वेळी तंतू आखूड होतात, असं शाळेच्या पुस्तकांपासून लेखांपर्यंत सगळीकडे वाचायला मिळतं. आखूड होणं थोडंफार घडतं, नाही असं नाही. पण कागदाची ताकद जाण्याचं मुख्य कारण ते नाही. अनेक फेऱ्या झालेला एकटा तंतू ओढून पाहिला तर त्याची स्वतःची ताकद फारशी कमी झालेली आढळत नाही. कमी होते ती शेजारच्या तंतूला धरून ठेवण्याची क्षमता. आणि ती जाते पल्परमध्ये नव्हे, तर कागद वाळवताना.

लाकडातून नुकता काढलेला तंतू पोकळ नळी असतो. त्याची भिंत सेल्युलोजच्या अतिसूक्ष्म दोऱ्यांच्या थरांची असते आणि थरांमध्ये पाणी भरलेल्या फटी असतात. त्यामुळे तो मऊ आणि लवचीक राहतो. कागदाच्या जाळीवर पडला की पट्टीसारखा चपटा होतो आणि शेजाऱ्यावर नीट पसरतो. पाणी उडून जाताना दोघांमध्ये जे रासायनिक बंध जुळतात, तेच कागदाला एकसंध ठेवतात. कागदात गोंद नसतो, हे बंधच सगळं काही.

पण वाफेने तापवलेल्या रुळांवरून कागद जातो तेव्हा हेच बंध तंतूच्या भिंतीच्या आतही जुळतात. फटीतलं पाणी गेलं की समोरासमोरचे थर एकमेकांना चिकटतात, आणि त्यातल्या बऱ्याच फटी पुन्हा उघडतच नाहीत. वाळून कडक झालेली भाकरी पाण्यात भिजवली तरी ताजी होत नाही, तसंच हे आहे. दुसऱ्यांदा भिजल्यावर तंतू पूर्वीएवढा फुगत नाही. ताठ राहतो, चपटा होत नाही, शेजाऱ्याला थोड्याच ठिकाणी स्पर्श करतो. बंध कमी, म्हणून कागद कमजोर. १९४४ मध्ये जर्मन कागदशास्त्रज्ञ गेओर्ग यायमे यांनी ही प्रक्रिया मांडली. ती मोजायची रीतही सोपी आहे: ओला लगदा वेगाने फिरवून पाणी झटकायचं आणि तंतूंनी किती पाणी धरून ठेवलं ते पाहायचं. जितकं कमी, तितका तंतू ताठर.

सर्वात मोठा फटका पहिल्याच वाळवणीत बसतो. पुढच्या फेऱ्यांत नुकसान कमी कमी होत जातं आणि तीन-चार फेऱ्यांनंतर घसरण जवळजवळ थांबते. शिवाय सगळे तंतू सारखे नसतात. रसायनांत शिजवून लिग्निन काढलेल्या शुभ्र तंतूंना हा त्रास सर्वाधिक, कारण थरांमध्ये अडसर म्हणून काही उरलेलं नसतं. लाकूड दळून केलेल्या वर्तमानपत्री तंतूंत लिग्निन असतं आणि ते फटी मिटू देत नाही. कॅनडातले संशोधक हॉवर्ड आणि बिचर्ड यांनी १९९२ मध्ये दोन्ही प्रकारचे लगदे अनेक फेऱ्यांतून नेले. शिजवलेल्या लगद्याची ताकद घटली. दळलेल्या लगद्याचे तंतू उलट थोडे चपटे झाले आणि त्याची ताकद किंचित वाढली. उत्तम दर्जाच्या पांढऱ्या कागदाचं वय स्वस्त वर्तमानपत्रापेक्षा लवकर दिसू लागतं, ते यामुळे.

यावर गिरणीकडे उपाय आहे. लगदा तबकड्यांमध्ये पुन्हा रगडतात, त्याने मिटलेले थर सैल होतात आणि तंतू काही प्रमाणात फुगू लागतो. पण रगडताना कोंड्यासारखा बारीक चुरा होतो, तो जाळीवर पाणी अडवतो आणि यंत्राचा वेग घटतो. तंतू खरोखर आखूड होतो तो इथे, गेलेली ताकद परत मिळवण्याच्या खटपटीत. म्हणून रगडण्याला मर्यादा ठेवून थोडा स्टार्च घालतात आणि नव्या, कधीच न वाळलेल्या किंवा एकदाच वाळलेल्या लांब तंतूंची भर देतात.

ही भर नेहमीच पडत असल्याने 'सातवी फेरी' प्रत्यक्षात फार थोड्या तंतूंच्या वाट्याला येते. समजा दर वेळी कागदात ७० टक्के जुना तंतू आणि ३० टक्के नवा आहे. मग दोन किंवा अधिक फेऱ्या झालेला तंतू ४९ टक्के, चार किंवा अधिक झालेला २४ टक्के आणि सात किंवा अधिक झालेला जेमतेम ८ टक्के. बाकीचा तोवर गाळात किंवा टिश्यू पेपरमध्ये गेलेला असतो. ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या तंत्रविद्यापीठात पुठ्ठ्याचे तंतू प्रयोगशाळेत २५ फेऱ्यांतून नेले, तरी ते वापरण्याजोगे राहिले. तेव्हा पाच-सात हा आकडा निसर्गनियम मानू नये.

आपल्या हातात आहे ते रद्दीची स्थिती सांभाळणं. शाईतली तेलं उन्हाने आणि काळाने घट्ट होऊन तंतूला पक्की धरतात, आणि उन्हाळ्यात साठलेल्या रद्दीतून शाई काढणं जड जातं, हा गिरण्यांचा जुना अनुभव आहे. म्हणून वर्तमानपत्रं माळ्यावर वर्षभर साठवू नका, दर महिन्या-दोन महिन्यांनी रद्दीवाल्याला द्या. ती कोरडी ठेवा. तपकिरी खोके वेगळे बांधा, कारण त्यांचा रंग शाईच्या टाकीत निघत नाही. टाचण्या काढत बसू नका, गिरणी त्या सहज काढते. पण चिकटपट्टी आणि चिकट लेबलं तेवढी नक्की सोलून टाका.