मित्राच्या फोनवर आहे, आपल्या फोनवर नाही

पिशोरसारख्या गावातील एकाच शाळेत दोन शिक्षक असावेत, दोघांच्या व्हॉट्सॲपची आवृत्ती एकच असावी आणि तरीही नवी सोय एकाला दिसावी, दुसऱ्याला दिसू नये, हा अनुभव आता अपूर्वाईचा राहिलेला नाही. बहुतेक वेळी हा बिघाड नसतो.

नवी सोय ॲपमध्ये आधीच येऊन पडलेली असते. ती कोणासाठी उघडावयाची, हे कंपनीचा मध्यवर्ती संगणक ठरवितो. प्रथम शंभरांतील एखाद्या खात्याला ती देण्यात येते, तक्रारी व बिघाड पाहिले जातात आणि मग प्रमाण वाढविले जाते. निवड बहुधा खात्यावरून होत असल्याने फोन बंद-चालू करून वा ॲप काढून पुन्हा घेऊन क्रमांक लवकर लागत नाही. उलट बॅकअप नसल्यास जुने संदेश मात्र जातात.

या पद्धतीचे ठळक उदाहरण आपल्याकडेच घडले. व्हॉट्सॲपवरून यूपीआयने पैसे पाठविण्याची चाचणी २०१८ मध्ये सुरू झाली. मुंबईस्थित नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने ५ नोव्हेंबर २०२० रोजी तिला परवानगी दिली, ती कमाल दोन कोटी वापरकर्त्यांपुरती. ही मर्यादा नोव्हेंबर २०२१ मध्ये चार कोटी व एप्रिल २०२२ मध्ये दहा कोटी झाली. ३१ डिसेंबर २०२४ रोजी ती उठविण्यात आली. म्हणजे या चार वर्षांत शेजाऱ्याला सोय मिळून आपल्याला न मिळणे हे नियमानुसारच घडू शकत होते.

मग काळजी केव्हा करावी? सोय सर्वांना खुली झाल्याची घोषणा होऊन महिने लोटले आणि तरी ती दिसत नसेल, तेव्हा. अशा वेळी Settings मधील Help विभागात App info पाहून आवृत्ती मित्राच्या फोनशी ताडावी. ती मागे असेल तर प्ले स्टोअरवरून अद्ययावत करावी. तेथे अद्ययावत करण्याचा पर्यायच मिळत नसेल, तर फोनची जुनी प्रणाली किंवा अन्यत्र कोठून घेतलेले ॲप हे कारण असू शकते.

खरा धोका मात्र उतावीळपणात आहे. जून २०२३ मध्ये मुंबई पोलिसांनी ‘पिंक व्हॉट्सॲप’विषयी इशारा दिला होता. नवे रूप व जादा सोयी देतो, असे सांगणारी लिंक ओळखीच्याच क्रमांकावरून येई. ती उघडणाऱ्याच्या फोनचा ताबा परक्याकडे जाण्याची भीती असे. टप्प्याने येणारी सोय लिंक दाबून कधीच मिळत नाही. प्ले स्टोअरबाहेरची, .apk अक्षरांनी संपणारी फाइल घेण्यास कोणी सांगितले, की तेथेच थांबावे. ती घेतली गेली असल्यास इंटरनेट बंद करून ते ॲप काढावे, व्हॉट्सॲपच्या Linked devices मध्ये अनोळखी यंत्र दिसल्यास ते तोडावे; पैसे गेले असतील तर तत्काळ १९३० या क्रमांकावर व आपल्या बँकेस कळवावे.