गुण कोण बदलू शकतो?

शाळा-कॉलेजांतल्या वेब ॲप्लिकेशनचा जन्म बहुधा घाईत होतो. हजेरी आणि गुणांची नोंद ठेवायला कोणीतरी एक छोटं ॲप करून देतं. वापरणाऱ्यांच्या तक्त्यात role नावाचा एक रकाना असतो आणि त्यात तीनपैकी एक शब्द लिहिलेला असतो: admin, teacher किंवा student. पहिलं वर्ष बरं जातं. मग फीच्या पावत्या येतात, मोबाइल ॲप येतं, निकालाची एक्सेल फाइल डाउनलोड करायची सोय येते. प्रत्येक नव्या पानाबरोबर एकच प्रश्न पुन्हा उभा राहतो: हे पान कोणी उघडायचं, आणि त्यावरची माहिती कोणी बदलायची?

या प्रश्नाला दिलं जाणारं सर्वांत सोपं उत्तर म्हणजे बटण लपवणं. विद्यार्थ्याने लॉगिन केलं की ‘गुण बदला’ हे बटण त्याला दिसतच नाही. पण म्हणून काम अडतं असं नाही. शिक्षकाने ते बटण दाबलं की ब्राउझर सर्व्हरकडे एक पत्ता पाठवतो, समजा `/marks/412/edit`. यातला 412 हा गुणांच्या एका नोंदीचा क्रमांक. विद्यार्थ्याने हाच पत्ता ब्राउझरमध्ये हाताने टाइप केला आणि सर्व्हरने फक्त ‘हा लॉगिन झालेला आहे ना?’ एवढंच तपासलं, तर पान उघडतं. दुकानाची पाटी काढली तरी शटर उघडंच राहावं, तसा हा प्रकार. 412च्या जागी 413 टाकलं की शेजारच्या मुलाचे गुण दिसतात. यासाठी हॅकर असावं लागत नाही, बारावीतलं एखादं चौकस पोरही पुरतं. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ‘ओवास्प’ या संस्थेच्या 2021च्या यादीत अशा ढिल्या प्रवेश-नियंत्रणाला पहिला क्रमांक मिळाला. 2017च्या यादीत ते पाचवं होतं.

तेव्हा पहिला नियम हा, की तपासणी सर्व्हरवर व्हायला हवी, आणि तीही प्रत्येक विनंतीला. हे बहुतेक प्रोग्रॅमरना माहीत असतं. खरी गुंतागुंत त्याच्या पुढच्या पायरीवर आहे: तपासायचं काय?

जुन्या ॲपमध्ये जागोजागी अशी ओळ सापडते:

```
if ($user->role == 'teacher' || $user->role == 'admin')
```

वाचायला ही सरळ वाटते. पण कार्यालयातल्या लिपिकाला फीच्या पावत्या काढायच्या असतात आणि ॲपमध्ये लिपिक अशी भूमिकाच नसते. मग त्याला admin करून टाकतात. पावत्यांचं काम होतं, पण वरची ओळ जिथे जिथे असेल तिथे तिथे त्याला गुण बदलायचीही मुभा मिळते. ती कोणी ठरवून दिलेली नसते, कोणाच्या लक्षातही आलेली नसते. परीक्षा विभागप्रमुख, पर्यवेक्षक, तासिका तत्त्वावरचे शिक्षक असे आणखी लोक आले की या ओळीला नवी शेपटं फुटतात. साठ ठिकाणची ओळ बदलायची आणि एक जागा सुटली, तर तिथे भोक राहतं.

अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेतले डेव्हिड फेरायोलो आणि रिचर्ड कुन यांनी 1992 साली यावरचा मार्ग नीट मांडला. माणसाला थेट परवानग्या द्यायच्या नाहीत. परवानग्या भूमिकेला जोडायच्या आणि माणसाला भूमिका द्यायची. मग कोडने भूमिकेचं नाव विचारायचंच नाही, ‘या माणसाला हे काम करायची परवानगी आहे का?’ एवढंच विचारायचं. लिपिकासाठी चौथी भूमिका तयार करायची झाली, तर तक्त्यात काही ओळी भरल्या की झालं. कोडला हात लावावा लागत नाही.

आधीपासून चालू असलेल्या ॲपमध्ये हे कसं आणायचं, याचं एक मोठं उदाहरण जगासमोर आहे. मूडल ही शिक्षणसंस्थांसाठीची मुक्त प्रणाली मार्टिन डुगियामास यांनी ऑस्ट्रेलियात सुरू केली, आणि तिची 1.0 आवृत्ती 2002 साली आली. सुरुवातीच्या मूडलमध्ये `isadmin()`, `isteacher()`, `isstudent()` असे भूमिकेचं नाव विचारणारे प्रश्न कोडभर पसरलेले होते. 2006च्या 1.7 आवृत्तीत त्यांच्या जागी परवानगी विचारणारी व्यवस्था आली. आजच्या मूडलमध्ये स्वाध्याय तपासण्याआधी विचारला जाणारा प्रश्न असा दिसतो:

```
require_capability('mod/assign:grade', $context);
```

या ओळीत ‘शिक्षक’ हा शब्द कुठेही नाही. उत्तर ‘नाही’ आलं, तर काम तिथेच थांबतं. आणखी एक गोष्ट मूडलने शहाणपणाने केली: जुने प्रश्न एका रात्रीत पुसले नाहीत. इतरांनी लिहिलेली असंख्य जोड-मॉड्यूल्स त्यांच्यावर उभी होती, म्हणून ते प्रश्न काही आवृत्त्या चालू ठेवून आतून नव्या व्यवस्थेशी जोडून दिले.

या ओळीतला दुसरा शब्द, `$context`, अधिक महत्त्वाचा आहे. परवानगी कशावर, हे तो सांगतो. आपल्या कल्पनेतल्या कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्राच्या एक मॅडम आहेत. त्या बारावी ‘अ’ला रसायन शिकवतात आणि त्याच संस्थेच्या वरिष्ठ महाविद्यालयात एम.ए.ला बसल्या आहेत. role च्या एकाच रकान्यात त्यांना काय लिहायचं? teacher लिहिलं तर त्या एम.ए.च्या वर्गाचे, म्हणजे स्वतःचेही, गुण बदलू शकतील. म्हणून भूमिका माणसाला चिकटवून चालत नाही, ती माणूस आणि जागा यांच्या जोडीला द्यावी लागते:

```
user_id  role     context
57       teacher  12-A-Chemistry
57       student  MA-1
91       clerk    office
```

जागा नुसती तुकडी धरून भागलं नसतं, हेही इथे दिसेल. बारावी ‘अ’चे गणिताचे सर त्याच तुकडीचे शिक्षक आहेत, पण रसायनाचे गुण त्यांनी बदलायचे नाहीत. म्हणून तुकडी आणि विषय ही जोडी हाच सर्वांत लहान घटक ठरतो.

आता 412 क्रमांकाची नोंद बदलण्याची विनंती आली, की सर्व्हरने आधी ती नोंद काढायची, ती कोणत्या तुकडीची आणि विषयाची आहे ते पाहायचं, आणि त्या जागी या माणसाला `marks:edit` ही परवानगी आहे का ते विचारायचं. तुकडीचं नाव फॉर्ममधून आलेलं वापरायचं नाही. फॉर्ममध्ये लपवलेला रकानाही ब्राउझरमध्ये बदलता येतो, आणि दुसऱ्या तुकडीचा शिक्षक तिथे स्वतःच्या तुकडीचं नाव टाकून आत येऊ शकतो. ही चूक फार आढळते, कारण कोड वाचताना तपासणी केलेली दिसते.

चालू ॲपमध्ये कामाला सुरुवात मात्र कोडपासून करायची नसते, यादीपासून करायची असते. ॲप लारावेलमध्ये असेल तर `php artisan route:list` ही आज्ञा सगळे पत्ते समोर ठेवते. त्यात विसरलेल्या गोष्टी निघतात: चाचणीसाठी केलेलं जुनं पान, निकालाचं डाउनलोड, मोबाइल ॲपसाठीचे वेगळे पत्ते. अपलोड केलेल्या फाइल मात्र या यादीत दिसत नाहीत. त्या सार्वजनिक फोल्डरमध्ये असतील, तर लॉगिनशिवायही उघडतात. त्या वेगळ्या तपासाव्या लागतात.

मग प्रत्येक पत्त्यासमोर कामाचं नाव लिहायचं: गुण पाहणे, गुण बदलणे, निकाल जाहीर करणे, पावती काढणे. कोणत्या भूमिकेला यातलं काय करता यावं, हे प्रोग्रॅमरने ठरवायचं नाही. त्यासाठी प्राचार्य, परीक्षा विभाग आणि कार्यालय एका टेबलाशी बसावे लागतात. निकाल जाहीर झाल्यावर चूक सापडली तर दुरुस्ती कोण करणार, असा प्रश्न तिथे प्रथमच तोंडी विचारला जातो. आणि ज्या पत्त्यासमोर काहीच लिहिलं गेलं नाही, तो सर्वांना बंद. नवं पान जोडताना कोणी परवानगी लिहायला विसरलं, तर ते पान उघडणार नाही आणि पाच मिनिटांत तक्रार येईल. विसरलेलं पान उघडंच राहिलं असतं, तर तक्रार कोणीच केली नसती.

नवे नियम थेट लागू केले, तर सोमवारी सकाळी निम्म्या शिक्षकांचं काम अडू शकतं. म्हणून आधी काही काळ नियम चालवायचे, पण कोणाला अडवायचं नाही. अडवलं असतं तिथे फक्त नोंद करायची. ती नोंद रोज वाचली की तुकडी-विषयाच्या वाटपात राहिलेल्या चुका वर येतात. यात दोन पथ्यं आहेत. विद्यार्थ्याला गुण बदलता येण्यासारखी उघड भोकं या काळाची वाट न पाहता लगेच बुजवायची. आणि हा काळ गुण भरण्याच्या दिवसांवरून जायला हवा, नाहीतर वर्षातून दोनदा होणारी कामं नोंदीत येतच नाहीत.

व्यवस्था बसली की नाही, हे ‘शिक्षकाला गुण भरता येतात’ एवढ्यावरून कळत नाही. नकार मिळायला हवा तिथे मिळतो का, हे पाहावं लागतं. दोन विद्यार्थ्यांची आणि दोन तुकड्यांच्या शिक्षकांची चाचणी-खाती करायची, एकाच्या पानाचा पत्ता दुसऱ्याच्या खात्यातून उघडायचा, आणि प्रत्येक वेळी 403, म्हणजे ‘मनाई’, हे उत्तर येतं का ते बघायचं. शोध, याद्या आणि डाउनलोड यांत गळती सर्वाधिक राहते: एकेक नोंद बंद असते, पण एक्सेलच्या फाइलमध्ये अख्खी बारावी उतरते. भूमिका लॉगिनच्या टोकनमध्ये लिहून ठेवली असेल, तर आणखी एक चाचणी हवी. शिक्षकाची भूमिका काढून घेतल्यावर टोकनची मुदत संपेपर्यंत त्याला आत राहता येतं का, ही.

एवढं सगळं करूनही एक गोष्ट या व्यवस्थेच्या आवाक्याबाहेर राहते. ज्या मॅडमना गुण बदलायची परवानगी आहे, त्यांनी 47चे 74 केले तर परवानगी-तपासणी त्यांना अडवणार नाही. तिच्या दृष्टीने सगळं नियमात आहे. त्यासाठी कोणी, कधी, कोणती नोंद कशावरून काय केली, याची वेगळी वही लागते, आणि ती वही पुसण्याची परवानगी कोणत्याही भूमिकेला, admin लासुद्धा, ॲपमधून द्यायची नसते.