बोक्याची लघवी तुंबते तेव्हा

‘डॉक्टर, याला शी होत नाहीये. कालपासून सारखा कुंथतोय.’ अशी तक्रार घेऊन नर बोका दवाखान्यात आला की अनुभवी पशुवैद्य आधी त्याचं पोट चाचपतात. बऱ्याचदा हाताला लागतो तो तट्ट फुगलेला, दगडासारखा कडक मूत्राशय. अडलेली असते लघवी. घरच्यांनी मात्र तोवर बद्धकोष्ठाचं औषध देण्यात अख्खी रात्र घालवलेली असते.

हा त्रास प्रामुख्याने नरांनाच होतो. मांजरीचा मूत्रमार्ग आखूड आणि रुंद असतो. बोक्याचा लांब, आणि शिश्नाच्या टोकाशी फार अरुंद. तिथे खडा अडकतो, किंवा चिकट स्राव आणि लघवीतले स्फटिक मिळून बूच बसतं. कधी काहीच अडकलेलं नसतं. मूत्राशयाला सूज असते आणि तिच्यामुळे मार्ग आखडून बंद होतो. या सुजेमागे जंतू क्वचितच असतात, ताण मात्र पुष्कळदा असतो.

एक नेहमीच्या धाटणीची केस पाहू. चार वर्षांचा, पाच किलोचा, नसबंदी झालेला, फ्लॅटमध्ये राहणारा आणि फक्त कोरड्या खाद्यावर वाढलेला बोका. पहिल्या दिवशी तो पुन्हा पुन्हा लिटर बॉक्समध्ये जाऊन बसतो, खालची जागा चाटत राहतो, ओरडतो. दुसऱ्या दिवशी उलट्या होतात, खाणं सुटतं. संध्याकाळी तो कपाटामागे गप्प पडून राहतो. घरच्यांना वाटतं, दुखायचं थांबलं असेल. खरं तर आता त्याचं हृदय धोक्यात आलेलं असतं.

पोटॅशियम शरीराबाहेर टाकण्याचं काम मूत्रपिंडं करतात. लघवी अडली की ते रक्तात साठत जातं. मांजराच्या रक्तात ते साधारण 3.5 ते 5.5 असतं, या बोक्याचं 8.6 भरतं. दवाखान्यात घाबरलेल्या मांजराचे ठोके मिनिटाला 180-200 असायला हवेत. याचे 100 आहेत आणि अंगही गार लागतंय. नुसत्या या दोन खुणांवरून डॉक्टरांना पोटॅशियमची शंका येते. ईसीजीवर टी-लहर उंच, टोकदार दिसते आणि पी-लहर सपाट होत जाते. इथून पुढे हृदय केव्हाही थांबू शकतं.

म्हणून अशा बोक्याला आल्याआल्या भूल देऊन नळी घालायची घाई करत नाहीत. आधी हृदय सांभाळतात. कॅल्शियम ग्लुकोनेटचं दहा टक्क्यांचं द्रावण, किलोला अर्धा ते एक मिली, म्हणजे याला अडीच ते पाच मिली, ईसीजीवर नजर ठेवून पाच-दहा मिनिटांत हळूहळू शिरेतून देतात. कॅल्शियमने पोटॅशियम कणभरही कमी होत नाही. त्याने फक्त हृदयाला अर्ध्या तासाचं संरक्षण मिळतं. तेवढ्या वेळात डेक्स्ट्रोज आणि गरज पडल्यास एक-दोन युनिट इन्सुलिन देऊन पोटॅशियम पेशींच्या आत ढकलतात. पण इन्सुलिन दिलं की पुढचे काही तास रक्तातली साखर तपासत राहावी लागते. जोडीला सलाईन सुरू असतंच. ‘लघवी तुंबलीय आणि वरून सलाईन?’ हा घरच्यांचा प्रश्न रास्त आहे, पण त्याने रक्तातलं पोटॅशियम विरळ होतं आणि घसरलेला रक्तदाब सावरतो.

ठोके सुधारले की भूल देऊन बारीक कॅथेटर घालतात आणि सलाईनच्या दाबाने बूच मागे, मूत्राशयात लोटतात. इथे जोर लावला तर मूत्रमार्ग फाटू शकतो. कॅथेटर टाके घालून एक-दोन दिवस ठेवतात. मार्ग मोकळा झाला म्हणजे संपलं असंही नाही. तुंबलेली मूत्रपिंडं आता लघवीचा पूर सोडतात आणि आधी जास्त असलेलं पोटॅशियम चक्क कमी पडू लागतं. म्हणून पिशवीत दर तासाला किती लघवी जमली ते मोजून त्या हिशेबाने सलाईन देतात. पहिल्याच संध्याकाळी ‘आता घरी नेतो’ म्हणणं बोक्याला महागात पडतं.

अडथळा पुन्हा होण्याचं प्रमाण बरंच आहे आणि पहिले काही दिवस सर्वांत नाजूक. घरी सर्वांत उपयोगी पडतं ते पाणी: ओलं खाद्य, कोरड्यात मिसळलेलं पाणी, दोन-तीन ठिकाणी ठेवलेले वाडगे. लघवी पातळ राहायला हवी. स्ट्रुव्हाइटचे खडे खास खाद्याने विरघळतात, कॅल्शियम ऑक्झलेटचे विरघळत नाहीत. म्हणून निघालेल्या खड्याची तपासणी करून घ्यावी. मांजरं जितकी, त्याहून एक लिटर बॉक्स जास्त ठेवावा. घरात रंगकाम, पाहुणे किंवा नवं मांजर येणार असेल, तर बोक्याला एक शांत खोली द्यावी. इतकं करूनही वारंवार अडलं, तर शस्त्रक्रियेने अरुंद टोक काढून रुंद मार्ग करता येतो. त्यानंतर अडथळा क्वचित होतो, पण जंतुसंसर्गाचा धोका वाढतो आणि मूळची सूज तशीच राहते.

बोका कुंथतोय आणि लिटर कोरडं आहे, एवढं दिसलं तरी पुरे. पोट दाबून पाहू नका, घरातली वेदनाशामक गोळी देऊ नका. पॅरासिटामॉल तर मांजरासाठी विषच आहे. रात्र असली तरी उघडा दवाखाना शोधा आणि फोनवर पहिलंच वाक्य सांगा: ‘नर बोका आहे, लघवी होत नाहीये.’