अग्रहक्काच्या भागांची परतफेड आणि भांडवल विमोचन राखीव निधी

आपल्या संघाच्या सभासदांपैकी अनेकांच्या जुन्या पेढ्या आता प्रायव्हेट लिमिटेड कंपन्या झालेल्या आहेत. पेढी कंपनीत रूपांतरित होताना, अथवा घरातील वाटणीच्या वेळी, धंद्यातून बाजूला होणाऱ्या वडीलधाऱ्या मंडळींना किंवा ज्यांना कारभारात पडावयाचे नसते अशा काकू, आत्या यांना अग्रहक्काचे भाग, म्हणजे प्रेफरन्स शेअर्स देण्याचा प्रघात पडला आहे. त्यांना ठराविक दराने लाभांश आधी मिळतो आणि ठरलेल्या मुदतीनंतर मूळ रक्कमही परत मिळते. ही परतफेड करण्याची वेळ आली की हिशेबनीस सांगतो, "पाच लाख द्या, आणि आणखी पाच लाख नफ्यातून काढून वेगळ्या खाती टाका." हे ऐकून शेठजींच्या कपाळाला आठी पडते. पैसे दिले, खाते मिटले. मग पुन्हा तितकीच रक्कम अडकवून ठेवण्याचे कारण काय, असा त्यांचा प्रश्न असतो. तो गैर नाही, म्हणून त्याचा थोडा विस्ताराने विचार करावयाचे आम्ही योजिले आहे.

भागीदारीच्या पेढीत देणे थकले तर धनको भागीदाराच्या घरादारापर्यंत पोहोचू शकतो. कंपनीत तसे नसते. भागधारकाने आपल्या भागाचे पैसे पूर्ण भरले की त्याची जबाबदारी संपली. तेव्हा कंपनीला उधार माल देणाऱ्याला आधार कशाचा? तर तिच्या भरणा झालेल्या भांडवलाचा. हे भांडवल धंद्यातील तोट्याने बुडेल, तो भाग वेगळा. परंतु मालकांनी ते गुपचूप आपल्याच घरी परत नेऊ नये, एवढी हमी कायदा धनकोला देतो. इंग्लंडमध्ये १८८७ साली फ्लॅनेलचे कापड तयार करणाऱ्या एका कंपनीचे प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे गेले. तिने आपल्याच एका भागधारकाचे भाग विकत घेतले होते आणि त्यांच्या किमतीची बाकी देण्याआधीच तिचे दिवाळे वाजले. ट्रेव्हर विरुद्ध व्हिटवर्थ या नावाने प्रसिद्ध असलेल्या या निकालात, कंपनीला आपले भाग असे विकत घेता येत नाहीत, असे ठरले. अग्रहक्काच्या भागांची परतफेड हा या नियमाला कायद्यानेच दिलेला अपवाद आहे, आणि अपवादाबरोबर अटही आली. आपल्याकडे ती १९५६ च्या कंपनी कायद्याच्या कलम ८० मध्ये होती. आज ती २०१३ च्या कायद्याच्या कलम ५५ मध्ये आहे.

अट अशी की भाग पूर्ण भरणा झालेले असले पाहिजेत, आणि परतफेड एकतर लाभांश वाटण्यास योग्य अशा नफ्यातून व्हावी किंवा त्याच कारणासाठी काढलेल्या नव्या भागांच्या पैशातून व्हावी. नफ्यातून केल्यास परत केलेल्या भागांच्या दर्शनी किमतीइतकी रक्कम भांडवल विमोचन राखीव खात्यात वर्ग करावी लागते.

एक कल्पित कंपनी घेऊ. डाळी व कडधान्यांचा व्यापार करणाऱ्या या कंपनीचे १०० रुपयांचे १०,००० साधे भाग आहेत, म्हणजे १० लाख रुपये. आणि धंद्यातून निवृत्त झालेल्या थोरल्या बंधूंच्या नावे १०० रुपयांचे ५,००० अग्रहक्काचे भाग, म्हणजे ५ लाख. गेल्या अनेक वर्षांच्या नफ्यातून साठलेला सामान्य राखीव निधी ६ लाख आहे. व्यापाऱ्यांचे देणे ९ लाख आहे. असे ३० लाख झाले. दुसऱ्या बाजूस बँकेत ६ लाख आणि माल, गोदाम, येणे मिळून २४ लाख आहेत.

परतफेडीपूर्वी संचालकांनी सगळाच्या सगळा राखीव निधी लाभांश म्हणून वाटला असता, तरीही ९ लाखांच्या देण्यामागे भांडवलाचे १५ लाख उभे राहिले असते. आता थोरल्या बंधूंना ५ लाख दिले आणि दुसरे काहीच केले नाही असे समजा. बँकेत १ लाख उरला. परंतु राखीव निधी वहीत ६ लाखांचाच दिसतो. उद्या वसुली येताच संचालक तो वाटू शकतील. आणि तो वाटला की देण्यामागे फक्त १० लाख उरतील. ज्या व्यापाऱ्याने १५ लाखांचे भांडवल पाहून माल पाठविला, त्याचा आधार पाच लाखांनी कमी झाला, आणि त्याला कोणी विचारलेही नाही. तो व्यापारी आपल्यापैकीच कोणी असू शकतो, हे शेठजींनी ध्यानात घ्यावे.

ही गळती बंद करण्यासाठी सामान्य राखीव निधी ५ लाखांनी नावे टाकून भांडवल विमोचन राखीव खाते तितक्याने जमा करतात. आता साधे भाग १० लाख आणि हे खाते ५ लाख, बेरीज पुन्हा १५ लाख. वाटण्यास मोकळा राहिला तो केवळ १ लाख. कमी झालेल्या भांडवलाच्या जागी नफ्याचा तेवढाच तुकडा कायमचा रोवला गेला, एवढाच या नोंदीचा अर्थ. समजा, कंपनीने याच कारणासाठी २ लाखांचे नवे साधे भाग दर्शनी किमतीस काढले असते, तर खात्यात ३ लाखच वर्ग करावे लागले असते. कारण १० अधिक २ अधिक ३ मिळून १५ होतातच.

शेठजींचा मुख्य गैरसमज येथे दूर होतो. या खात्यासाठी दुसरे पाच लाख रोख काढून कोठे ठेवावयाचे नसतात. रोख एकदाच गेली, ती थोरल्या बंधूंना. खात्यातील रक्कम माल, गोदाम आणि उधारी यांतच खेळत राहते; फक्त ती लाभांशात वाटता येत नाही. याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. राखीव निधी मोठा असला म्हणजे देण्यास पैसा असतोच असे नाही. सगळा नफा मालात आणि उधारीत अडकला असेल तर मुदतीच्या दिवशी बँकेत शून्य असू शकते. अशा वेळी बँकेचे कर्ज काढून थोरल्या बंधूंना रक्कम देण्यास हरकत नाही, मात्र कर्ज म्हणजे नवे भाग नव्हेत. नफ्यातून ५ लाख वर्ग करावेच लागतील.

गोदामाची किंमत नव्याने ठरवून वहीत वाढविली आणि त्या वाढीतूनच हे खाते भरले, असा प्रकार कधी कधी दृष्टीस पडतो. तो चालत नाही. ती वाढ लाभांशास योग्य असा नफा नव्हे. भाग अधिमूल्याने परत करावयाचे ठरले असेल, समजा १०५ रुपयांनी, तर वरचे २५,००० रुपये प्रायः नफ्यातूनच द्यावे लागतात. आमच्या उदाहरणात मग मोकळा राखीव निधी ७५,००० उरेल, बँकेतही तेवढेच. भांडवल विमोचन खात्यात मात्र दर्शनी किमतीचे ५ लाखच जातात, सव्वापाच लाख नव्हे. परीक्षेतल्या मुलांइतकेच अनुभवी मुनीमही येथे चुकतात.

हे खाते वापरण्याची वाट एकच: भागधारकांना पूर्ण भरणा झालेले बोनस भाग देणे. आमच्या कंपनीस पाच लाखांतून ५,००० नवे साधे भाग, म्हणजे प्रत्येक दोन भागांमागे एक, देता येतील. त्यायोगे पैसा बाहेर जात नाही आणि पंधरा लाख उघडपणे भागभांडवलातच येतात. तोटा भरून काढण्यासाठी हे खाते कमी करावयाचे तर भांडवल कमी करण्याची सगळी कायदेशीर प्रक्रिया करावी लागते.

मुदतीविषयी एवढेच सांगावयाचे की सर्वसाधारण कंपनीस वीस वर्षांपेक्षा अधिक मुदतीचे अग्रहक्काचे भाग काढता येत नाहीत. परतफेड झाल्यावर तीस दिवसांच्या आत रजिस्ट्रारकडे एसएच-७ या नमुन्यात सूचना द्यावी लागते. मुदत भरली तरी परतफेड शक्य नसेल, तर त्या भागांच्या किमतीच्या तीन-चतुर्थांश धारकांची संमती आणि न्यायाधिकरणाची मान्यता घेऊन थकलेल्या रकमेइतके नवे परतफेडीचे भाग देता येतात. ज्या धारकांना ही तडजोड नको असेल, त्यांचे पैसे चुकते करण्याचा आदेश मान्यता देतानाच न्यायाधिकरण देते. तेव्हा थोरल्या बंधूंनी एकट्याने जरी 'नाही' म्हटले, तरी त्यांच्या पैशांची तजवीज कंपनीस करावीच लागेल.