बारा पट्ट्या, एक पान

मुंबई, पुणे आणि गोव्यात पाश्चात्त्य संगीताच्या परीक्षा देणाऱ्या मुलांच्या वहीत एक पान हमखास सापडते. स्केल, इंटरव्हल आणि कॉर्ड यांची सगळी कोष्टके त्यावर दाटीवाटीने उतरवलेली असतात. लेखी पेपर त्या पानावर निभावतो. पण परीक्षकाने पियानोवर दोन स्वर वाजवले आणि त्यांतले अंतर विचारले की मुले गांगरतात. कोष्टक डोळ्यांनी पाठ झालेले असते, कानाने नाही.

खरे तर या पानावर पाठ करण्यासारखे फार थोडे आहे. सगळ्याचे माप एकच, सेमीटोन. पेटीवरच्या एका पट्टीपासून अगदी लगतच्या पट्टीपर्यंतचे अंतर म्हणजे एक सेमीटोन, मग ती पट्टी काळी असो की पांढरी. सा ते वरचा सा यांत अशी बारा अंतरे मावतात, आणि पानावरची प्रत्येक गोष्ट या बारांची वाटणी असते.

मेजर स्केलची वाटणी २-२-१-२-२-२-१ अशी. पांढरी एकपासून निघाले तर ती सगळ्या पांढऱ्या पट्ट्यांवरून जाते. आपल्या कानाला हा बिलावल थाट आहे. मायनरची वाटणी २-१-२-२-१-२-२. त्यात गंधार, धैवत आणि निषाद कोमल होतात, म्हणजे आसावरी थाटाचे स्वर मिळतात. मराठी विद्यार्थ्याने पानाच्या कडेला ही नावे जरूर लिहावीत, मात्र साम्य स्वरांपुरतेच आहे हे ध्यानात ठेवावे. रागाचे चलन, वादी-संवादी यांचा स्केलशी संबंध नाही.

लिहिताना एक चूक फार होते. एफपासून मेजर स्केल मांडताना चौथा स्वर काळ्या पट्टीवर येतो. त्याला ए शार्प म्हणायचे की बी फ्लॅट? पेटीवर दोन्ही एकच. पण स्केलमध्ये प्रत्येक अक्षर एकदाच यावे लागते आणि ए तर आधीच येऊन गेलेला असतो, म्हणून बी फ्लॅट. आवाज बरोबर असूनही गुण जातात ते इथे.

आता इंटरव्हल, म्हणजे दोन स्वरांतले अंतर. मायनर थर्ड ३ सेमीटोनचा, मेजर थर्ड ४ चा, फोर्थ ५ चा, फिफ्थ ७ चा. सगळ्यात जास्त घोळ होतो तो फोर्थ आणि फिफ्थमध्ये, आणि त्याचे कारण तंबोऱ्यावर स्पष्ट ऐकू येते. पहिली तार मंद्र पंचमाची, मग जोडीचे दोन षड्ज, शेवटी खर्ज. खर्जापासून मंद्र पंचमापर्यंत ७ सेमीटोन आहेत, हा षड्ज-पंचम भाव. त्याच पंचमापासून जोडीपर्यंत ५, हा फोर्थ. स्वर तेच, सा आणि प. फक्त खाली कोण बसले ते बदलले. दोन्ही अंतरांची बेरीज बारा. म्हणून थर्ड उलटा केला की सिक्स्थ होतो: ४ चे ८, ३ चे ९. अर्धे कोष्टक यातूनच सुटते.

यावरून कानासाठी एक साधी परीक्षा करता येते. दोन स्वर ऐकल्यावर घर कोणते वाटते ते पाहावे. खालचा स्वर घर वाटला तर बहुधा फिफ्थ. वर गेल्यावर विसावल्यासारखे वाटले तर फोर्थ.

बरेच शिक्षक प्रत्येक अंतरासाठी एकेका गाण्याची सुरुवात लक्षात ठेवायला सांगतात. सुरुवातीला ही युक्ती चालते, पुढे दगा देते. कारण अंतर तेच असले तरी षड्जाच्या संदर्भात त्याचा रंग बदलतो. सा ते कोमल ग हे ३ सेमीटोन आणि शुद्ध ग ते प हेही तीनच. पण पहिले गंभीर लागते, दुसरे मेजर स्केलच्या उजेडात तसे लागत नाही. त्यापेक्षा खालचा स्वर गुणगुणून त्यालाच सा मानावे आणि पायरी पायरीने वरच्या स्वरापर्यंत गात जावे. वेळ थोडा जास्त जातो, उत्तर मात्र पक्के येते.

कॉर्ड म्हणजे एकावर एक रचलेले थर्ड. खाली ४ आणि वर ३ असले की मेजर, खाली ३ आणि वर ४ असले की मायनर. दोन्हीत बाहेरचे स्वर सा आणि प हेच. फरक एकट्या गंधाराचा, तोही एका पट्टीचा. म्हणून कॉर्ड ओळखताना मधला स्वर गाऊन पाहावा. मेजर स्केलच्या प्रत्येक स्वरावर अशी कॉर्ड मांडली की सा, म आणि प यांवर मेजर येतात, रे, ग आणि ध यांवर मायनर, आणि निषादावर ३ अधिक ३ अशी आखडलेली डिमिनिश्ड. ही यादीही पाठ करायची गरज नाही. पट्ट्या मोजल्या की आपोआप मिळते.

मधला स्वर गाण्याच्या युक्तीत एक सापळा आहे. मेजर कॉर्डचा सा उचलून वर ठेवला तर क्रम ग-प-सां असा होतो. खालचे अंतर आता ३ चे, म्हणून कान घाईने मायनर म्हणतो. पण वाजवलेल्या स्वरांत ५ चे अंतर कुठे आहे ते पाहावे. ते आहे प ते सां, आणि फोर्थचा वरचा स्वर घर असतो. सां सापडला की तिथून कॉर्ड पुन्हा मोजावी.

हेच पान उलटे वाचले की ते अरेंजरच्या कामाचे होते. चाल गंधारावर थांबली आहे, तर तिच्याखाली काय द्यायचे? गंधार तीन साध्या कॉर्डमध्ये बसतो: सा-ग-प, ग-प-नी आणि ध-सा-ग. पहिली स्थिर, दुसरी आणि तिसरी मायनर. चाल न बदलता तिचा भाव बदलतो तो या निवडीने. गोव्याच्या पॅरिश शाळांत सोल्फेज शिकून मुंबईच्या चित्रपटसृष्टीत आलेल्या वादकांकडे नेमके हे ज्ञान होते. शंकर-जयकिशन यांचे अरेंजर सेबॅस्टियन डिसोझा त्यांपैकीच एक.

पानावरची शेवटची ओळ सेव्हन्थ कॉर्डची. प-नी-रें-मं या कॉर्डमधल्या नी आणि मं यांत ६ सेमीटोनचे अंतर आहे, सप्तकाचा बरोबर अर्धा भाग. हे अंतर कानाला टोचते आणि सुटका मागते: निषाद एक सेमीटोन चढून षड्जावर जातो, मध्यम एक सेमीटोन उतरून गंधारावर. मायनर स्केलमध्ये निषाद कोमल, त्यामुळे तो षड्जापासून दोन सेमीटोन लांब राहतो आणि ही ओढ लागत नाही. म्हणून तिथे निषाद शुद्ध करून घेतात, आणि तयार होते हार्मोनिक मायनर. कोमल ध आणि शुद्ध नी यांत आता ३ सेमीटोनची दरी पडते. किरवाणी ऐकलेल्या कानाला ती लगेच ओळखू येते.

तंबोऱ्यावर वाढलेल्या कानाला मात्र पियानोचा शुद्ध गंधार किंचित चढा वाटतो, आणि ते खरेच आहे. सेमीटोनचे १०० सेंट धरले तर पियानोवर गंधार ४०० सेंटवर असतो; खर्जाच्या तारेतून आपसूक उमटणारा गंधार सुमारे ३८६ वर. म्हणून षड्ज-पंचमाचा सराव तंबोऱ्यावर खुशाल करावा, पण परीक्षेसाठी थर्ड आणि कॉर्ड ऐकायला बसताना कीबोर्डच घ्यावा.